गॅस कनेक्शन बंद करताना अनामत पूर्ण कशी परत मिळवावी

सोसायटीत पाइपचा गॅस आला, किंवा आईवडिलांचं गावचं घर बंद केलं, की सिलिंडरचं कनेक्शन परत करायची वेळ येते. इथे बहुतेक सल्ले एका ओळीत संपतात: ‘एजन्सीत जा, पुस्तक दाखवा, पैसे मिळतील.’ पैसे मिळतात, पण किती मिळतात याचा हिशेब तुम्हाला आधी माहीत नसेल, तर काउंटरवरचा माणूस जो आकडा सांगेल तोच घेऊन तुम्ही घरी येता. म्हणून मी सगळ्यात जास्त त्या आकड्याबद्दलच लिहिणार आहे.

हे सगळं सरकारी तेल कंपन्यांच्या घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरबद्दल आहे. कनेक्शन उज्ज्वला योजनेतलं असेल तर अनामत सरकारने भरलेली असते, ती आपल्या हातात येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

आधी सिलिंडर संपवा

सिलिंडरमध्ये उरलेल्या गॅसचे पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे पाइपच्या शेगडीची ज्योत नीट चालायला लागली, की उरलेला गॅस वापरून संपवा आणि मगच सिलिंडर न्या. नवीन बुकिंग पडून असेल तर ते रद्द करा. सिलिंडरवर तुमच्याच कंपनीचं नाव आहे ना, तेही बघा. गॅस अचानक संपला म्हणून कधीतरी शेजाऱ्यांकडून आणलेला सिलिंडर दुसऱ्याच कंपनीचा निघतो, आणि तो एजन्सी घेत नाही. रेग्युलेटरही कंपनीने दिलेलाच हवा, बाजारातून विकत घेतलेला चालत नाही. सिलिंडर किंवा रेग्युलेटर हरवला असेल तर त्याची कंपनीने ठरवलेली किंमत मोजावी लागते आणि सिलिंडरची ती किंमत अनामतीपेक्षा जास्त असते, तेव्हा माळ्यावर एकदा नीट शोधा.

आता खरी गोष्ट: आकडा

कनेक्शन घेताना एक कागद मिळालेला असतो, सबस्क्रिप्शन व्हाउचर. एजन्सीत त्याला नुसतं एसव्ही म्हणतात. दरवेळी डिलिव्हरीची नोंद होते ते निळं पुस्तक म्हणजे हे व्हाउचर नव्हे. अनामत किती भरली, किती सिलिंडर आणि रेग्युलेटर घेतले, हे व्हाउचरवर लिहिलेलं असतं आणि तुम्हाला परत मिळते ती तीच रक्कम. आजचा दर मिळत नाही, व्याजही मिळत नाही. वीस वर्षांपूर्वी भरलेले पैसे तेवढेच्या तेवढे परत येतात. याचा राग येणं साहजिक आहे, पण काउंटरवर त्यावरून भांडून काही हाती लागत नाही.

भांडायचं ते दुसऱ्याच कारणासाठी. अनेक घरांत पहिला सिलिंडर एका वर्षी घेतलेला असतो आणि दुसरा बऱ्याच वर्षांनी. दुसऱ्या सिलिंडरचं व्हाउचर वेगळं निघतं आणि त्यावरचा दर त्या वर्षीचा असतो. परत करताना काउंटरवर जुनं व्हाउचर समोर ठेवलं जातं आणि दोन्ही सिलिंडर जुन्याच दराने मोजले जातात, किंवा दुसरा सिलिंडर हिशेबातून सुटूनच जातो.

उदाहरण घ्या. समजा तुम्ही २०१५ मध्ये कनेक्शन घेतलं. तेव्हा सिलिंडरची अनामत १४५० रुपये होती आणि रेग्युलेटरची १५०. मग २०२३ मध्ये दुसरा सिलिंडर घेतला. मधल्या काळात, १६ जून २०२२ पासून, सिलिंडरची अनामत २२०० झाली होती आणि रेग्युलेटरची २५०. तुमच्याकडे रेग्युलेटर एकच, २०१५ चा. म्हणजे तुम्हाला मिळायला हवेत १४५०, अधिक १५०, अधिक २२००, एकूण ३८०० रुपये. दोन्ही सिलिंडर जुन्या दराने धरले तर होतात ३०५०. साडेसातशे रुपये नुसत्या हिशेबात जातात, आणि ज्याच्याकडे दुसरं व्हाउचर नाही त्याला ते गेल्याचं कळतही नाही. एजन्सीत पाय ठेवण्यापूर्वी हा हिशेब एका कागदावर मांडा आणि तोच कागद काउंटरवर ठेवा.

व्हाउचर सापडत नसेल तर

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथे, आणि सगळ्यात वाईट सल्लाही इथेच मिळतो. व्हाउचर हरवलं म्हटलं की पहिलं उत्तर येतं, ‘मग काही मिळणार नाही.’ हे खोटं आहे. तुमची अनामत कंपनीच्या खात्यात नोंदलेली असते, कागद हरवला म्हणून ती बुडत नाही. एजन्सी ही कंपनीची वितरक आहे, आणि तुमच्या ग्राहक क्रमांकावर अनामतीची नोंद तिच्या संगणकात दिसते. ती स्क्रीनवर दाखवायला सांगा. त्याआधी घरीच कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर लॉगिन करून आपल्या कनेक्शनची माहिती बघून ठेवा; किमान सिलिंडर एक दाखवतात की दोन, हे तरी तिथे कळतं.

दुसरं उत्तर येतं, ‘स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट करून आणा.’ इथे लगेच स्टॅम्प विकणाऱ्याकडे धावू नका. महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभर-दोनशेच्या कामांनाही पाचशेचा स्टॅम्प लागायला लागला. त्यावर नोटरीचे पैसे वेगळे. सोळाशे रुपये परत मिळवायला एवढा खर्च करायचा तर आधी दोनदा विचारा. आधी एजन्सीला म्हणा, ‘कंपनीचा व्हाउचर हरवल्याचा ठरावीक नमुना द्या, तो साध्या कागदावर चालतो का ते सांगा.’ साध्या कागदावरचं हमीपत्र चालत असेल तर तिथेच लिहून द्या. चालत नाही म्हणाले, तर ते कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा म्हणा. नियम दाखवला तर मुकाट्याने स्टॅम्प आणा, कारण मग तो एजन्सीवाल्याच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही.

संगणकातली रक्कम चुकीची वाटली, तर घरातलं निळं पुस्तक काढा. कनेक्शन कधी घेतलं ही तारीख तिथे असते. सरकारी कंपन्यांचे अनामतीचे दर सगळीकडे एकदम बदलतात, त्यामुळे तारखेवरून त्या वेळचा दर कुठला हे ठरवता येतं. माझ्या एका कनेक्शनच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने ‘जुन्या नोंदी आता कुठे असतात’ म्हणत जो आकडा सांगितला, तो पुस्तकातल्या तारखेशी अजिबात जुळत नव्हता. तारीख दाखवल्यावर त्याने स्क्रीनवर पुन्हा शोधलं आणि दुसरा आकडा निघाला. तोंडी वाद घालून तो निघाला नसता.

कनेक्शन वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर

वडील गेले, पण कनेक्शन अजून त्यांच्याच नावावर आहे, हे घरोघरी असतं. सरळ ‘मी मुलगा आहे, बंद करा’ म्हटलं की अडवतात. मार्ग असा की आधी कनेक्शन वारसाच्या नावावर करून घ्यायचं आणि मग ते परत करायचं. कुटुंबातल्या वारसाच्या नावावर करताना जुनीच अनामत पुढे चालू राहते, फरकाचे पैसे भरायला लागत नाहीत. कोणी फरक मागितला तर थांबा आणि कारण विचारा. मृत्यू दाखला, नातं दाखवणारा पुरावा, बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र आणि तुमची ओळखपत्रं लागतात. आई हयात असेल तर तिच्याच नावावर करा.

एजन्सीत जाण्याचा दिवस

एजन्सीचं कार्यालय आणि गोडाऊन बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. सिलिंडर गोडाऊनला जातो, कागद कार्यालयात होतात, आणि गोंधळ मधल्या रस्त्यात होतो. म्हणून आधी कार्यालयात जा आणि सिलिंडर कुठे द्यायचा, पावती कोण देणार, ते विचारून घ्या. एकच गोष्ट माझ्या भरवशावर पाळा: डिलिव्हरीचा माणूस ‘द्या दादा, मी जमा करतो’ म्हणाला तरी रिकामे सिलिंडर पावतीशिवाय त्याच्या गाडीत चढवू नका. तो प्रामाणिक असेलही. पण चार दिवसांनी एजन्सी म्हणाली की आमच्याकडे एकच आला, तर तुमच्या हातात काय आहे?

सोबत एक अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. मजकूर एवढा पुरे:

‘माझं घरगुती गॅस कनेक्शन, ग्राहक क्रमांक अमुक, मी परत करत आहे. त्यावर सिलिंडर दोन आणि रेग्युलेटर एक असून ते सोबत जमा केले आहेत. व्हाउचरप्रमाणे माझी अनामत एकूण ३८०० रुपये आहे. टर्मिनेशन व्हाउचर द्यावं आणि रक्कम पुढील खात्यात जमा करावी.’

रकमेचा आकडा अर्जात लिहाच, म्हणजे कमी रक्कम का दिली याचं उत्तर देणं त्यांच्यावर येतं.

काम झालं की टर्मिनेशन व्हाउचर मिळायला हवं. एजन्सीत त्याला नुसतं टीव्ही म्हणतात. कनेक्शन अधिकृतरीत्या बंद झाल्याचा हाच पुरावा, आणि दुसऱ्या गावी नवं कनेक्शन घेताना तिथली एजन्सी हेच मागते. त्यावरचे सिलिंडर, रेग्युलेटर आणि रक्कम तुमच्या कागदाशी तिथेच जुळवा. काही कापलं असेल तर कशाचं कापलं ते पावतीवर लिहून मागा. ‘नंतर या, टीव्ही निघेल’ म्हणाले तर निदान सिलिंडर जमा केल्याची शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

रक्कम आलीच नाही तर

एजन्सीच्या मालकाशी फोनवर बोलणं पुरे करा. कंपन्यांच्या १८००-२३३३-५५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. १९०६ हा गॅसगळतीसाठीचा क्रमांक आहे, त्यावर अनामतीसाठी फोन करू नका. तिथूनही काही हललं नाही, तर pgportal.gov.in वर पेट्रोलियम मंत्रालयाकडे तक्रार टाका, सोबत शिक्का मारलेली अर्जाची प्रत आणि सिलिंडर जमा केल्याची पावती जोडा. तक्रार मंत्रालयाकडून कंपनीकडे जाते आणि तिला उत्तर द्यावं लागतं. या तक्रारीत राग, इतिहास, शेजाऱ्यांचे अनुभव काही लिहू नका. ग्राहक क्रमांक, जमा केल्याची तारीख, देणं किती आणि मिळालं किती, एवढंच लिहा.