मनगटावर चट्टा उठतोय? घड्याळाचा पट्टा बदलण्याआधी या चुका टाळा

गोव्यात एप्रिल उजाडला की माझ्या दुकानात पट्टा बदलायला येणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "चामडं मला सोसत नाही, सिलिकॉनचा घाला." पट्टा घालून द्यायला दहा मिनिटं पुरतात. पण त्यातले काहीजण थोड्याच दिवसांत तोच चट्टा घेऊन परत येतात. मग स्टीलची चेन घेतात, आणि तीही सोसली नाही की घड्याळ कपाटात जातं. मला याचं वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्यांना सोसेल असा पट्टा असतो. फक्त तो निवडताना पाहायचं ते पाहिलेलं नसतं.

पहिली चूक: चट्टा नेमका कुठे आहे ते न पाहता पट्टा बदलणं

घड्याळ काढा आणि उजेडात मनगट नीट बघा. घड्याळ पुन्हा हातावर धरून चट्टा कशाखाली येतो ते ताडून पाहा.

मनगटाच्या आतल्या बाजूला, बरोबर बकलाखाली नाण्याएवढा चट्टा असेल, तर संशय बकलाच्या धातूवर घ्यायचा. घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली गोल चट्टा असेल तर झाकणावर. पट्ट्याच्या रुंदीएवढी पट्टी मनगटाभोवती उठली असेल, तर मात्र पट्ट्याचाच दोष असू शकतो, किंवा पट्ट्याखाली अडकलेल्या घामाचा. बारीक बारीक लाल पुटकुळ्या, टोचल्यासारखी खाज, आणि घड्याळ काढून मनगट कोरडं ठेवल्यावर दोन-तीन दिवसांत उतार, असं असेल तर ते बहुधा घामोळं. ॲलर्जीचा चट्टा इतक्या लवकर जात नाही. तो निवळायला दोन-तीन आठवडे लागतात.

डिचोलीहून येणाऱ्या एका शिक्षिकेचं उदाहरण सांगतो. चामड्याच्या पट्ट्याने त्यांच्या मनगटावर आतून चट्टा उठला. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सिलिकॉनचा पट्टा घातला. चट्टा तिथेच राहिला. मग बाजारातून स्वस्तातली चेन घेतली, तर चट्टा मनगटभर पसरला. "दादा, मला तर तिन्ही सोसत नाहीत," असं म्हणत त्या दुकानात आल्या. मी त्यांना विचारलं, "बाई, इमिटेशनचे कानातले घातल्यावर कानाच्या पाळ्या चिघळतात का?" चिघळत होत्या. साडीला लावलेली पिन जिथे अंगाला टेकते, तिथेही खाज यायची.

इथे सगळा उलगडा होतो. चामड्याच्या आणि सिलिकॉनच्या पट्ट्यांत पट्टे वेगळे असले तरी बकलं एकाच जातीची होती: स्वस्त मिश्रधातूची, वरून निकेलचा मुलामा दिलेली. त्यांना त्रास निकेलचा होता. तिसऱ्या वेळी तर चेनच निकेल सोडणारी निघाली, म्हणून चट्टा पसरला.

निकेल आणि घाम

निकेल नुसतं असल्याने बिघडत नाही. ते धातूतून सुटून त्वचेत उतरलं की बिघडतं, आणि ते सोडवण्याचं काम घामातलं मीठ करतं. म्हणून तेच बकल थंड हवेच्या गावी गुपचूप बसतं, आणि मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात फिरताना त्रास देतं. मुलामा झिजला की खालचं पितळ उघडं पडतं, त्यावर हिरवट मळ धरतो. बकलाच्या काट्याच्या मुळाशी असा मळ दिसला तर ते बकल बदलायलाच झालं आहे.

मग स्टीलचं काय? चांगल्या घड्याळांचं स्टील 316L जातीचं असतं. त्यात निकेल 10 ते 14 टक्के असतं, हे ऐकून लोक दचकतात. पण त्यातलं क्रोमियम पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, घट्ट थर धरतं आणि निकेल बाहेर फारच थोडं सुटतं. युरोपात नियम धातूत निकेल किती आहे यावर नाही, ते किती सुटतं यावर आहे: त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये. त्यामुळे निकेलची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना खरं 316L चालतं. ज्यांची ॲलर्जी फार तीव्र आहे, त्यांनी टायटॅनियमकडे वळावं.

खरं-खोटं ओळखायला डायमिथाइलग्लायऑक्झाइम नावाच्या रसायनाची चाचणी आहे. निकेल तपासायचा संच म्हणून तो ऑनलाइन मिळतो. कापसाच्या काडीवर थेंब घेऊन धातूवर अर्धा-एक मिनिट घासायचं. काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतं आहे. शिक्षिकेच्या घड्याळाचं मागचं झाकण घासलं, काडी पांढरीच राहिली. दोन्ही बकलं घासली, काडी गुलाबी झाली. चेनची कडी घासली, तीही गुलाबी. एक सांगून ठेवतो: गुलाबी रंग आला तर खात्री धरा, पण नाही आला म्हणजे धातू शंभर टक्के निर्दोष असं नाही. अगदी थोडं निकेल सुटत असेल तर ही चाचणी ते चुकवू शकते.

दुसरी चूक: नवा पट्टा तासभर घालून निकाल लावणं

निकेलची ॲलर्जी उशिरा बोलते. घातल्यावर साधारण एक ते तीन दिवसांनी खाज सुटते. म्हणून दुकानात घालून "बरं वाटतंय" म्हणण्याला अर्थ नाही. जुना चट्टा असतानाच वर नवा पट्टा चढवणं त्याहून वाईट. सोललेल्या त्वचेला नुसता घामही झोंबतो, आणि दोष निर्दोष पट्ट्यावर जातो. आधी मनगट पूर्ण बरं होऊ द्या, तोवर घड्याळ दुसऱ्या हातालाही नको. मग नवा पट्टा पहिले काही दिवस दोन-तीन तासच घाला आणि रोज मनगट बघा.

चट्ट्यावर औषधाच्या दुकानातून कुठलंही मलम आणून लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. कडा उंचावलेला, मधून निवळत जाणारा गोल चट्टा गजकर्णाचा असू शकतो. त्यावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की आधी बरं वाटतं आणि मग ते पसरतं. चट्टा ओलसर असेल, पाणी सुटत असेल किंवा तीन आठवड्यांत हटला नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते पाठीवर पॅच टेस्ट लावतात. 48 तासांनी पट्ट्या काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. निकेल, क्रोमियम की रबरातलं रसायन, हे त्यातून कळतं.

तिसरी चूक: सिलिकॉन म्हणजे निर्धास्त, असं समजणं

सिलिकॉनची ॲलर्जी खरोखरच विरळा. पण सिलिकॉन घाम शोषत नाही आणि घट्ट बांधलं तर बाहेरही जाऊ देत नाही. त्याखाली त्वचा दिवसभर भिजत राहते, मऊ पडते आणि कडेने घासली जाते. आंघोळीला घड्याळ हातातच ठेवलं तर साबणाचा फेस पट्ट्याखाली राहतो, आणि वाळलेला साबण घामात परत विरघळून त्वचेला खातो. सनस्क्रीन आणि डासांच्या मलमाचंही तेच.

म्हणून सिलिकॉन घ्यायचं तर भोकांचा किंवा आतून खाचा असलेला पट्टा घ्या, आणि पट्ट्याखाली एक बोट सहज जाईल इतका सैल बांधा. घरी आल्यावर घड्याळ काढा, पट्टा साध्या सौम्य साबणाने धुऊन पुसा, मनगटही धुऊन कोरडं करा. झोपताना नको. पट्टा धुताना तो घड्याळापासून सोडवलेला बरा, कारण झाकणावर 30 मीटर लिहिलं आहे म्हणून घड्याळ नळाखाली धरायचं नसतं.

स्वस्त पट्टे 'सिलिकॉन' म्हणून विकले जातात, पण पुष्कळदा ते साधं रबर किंवा प्लॅस्टिक असतं. रबर टणक करताना वापरलेल्या रसायनांची काहींना ॲलर्जी असते, आणि तेव्हा पट्ट्याच्या रुंदीएवढी पट्टी उठते. पट्ट्याच्या शेपटाचा कापून टाकायचा तुकडा असेल तर चिमट्यात धरून मोकळ्या हवेत जाळून बघा. सिलिकॉनची राख पांढरट उरते, रबर काळा धूर सोडून काळंच होतं.

चौथी चूक: पावसाळ्यात चामडं

जून ते सप्टेंबर गोव्यात चामड्याचा पट्टा रोज घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाम आणि पाऊस अस्तरात मुरतो, रात्रीत वाळत नाही, आणि चवथीपर्यंत पट्ट्यावर पांढरी बुरशी दिसते. लोक त्यावर खोबरेल तेल चोळतात. ते करू नका, तेलाने चामडं काळवंडतं आणि ओल अजून धरून ठेवतं. उन्हात ठेवलं तर तडकतं. पंख्याखाली सावलीत वाळवायचं, मग सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात.

चामडं कमावताना क्रोमियमचे क्षार वापरतात, तेही काहींना बाधतात. खूण अशी, की त्याच माणसाला चामड्याच्या चपलेच्या पट्ट्याखालीही पायावर चट्टे येतात. अशांनी झाडांच्या सालीच्या अर्काने कमावलेलं चामडं घ्यावं, तेही डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत.

चेन घेतलीच तर

एसीत बसून कड्या काढून घेऊ नका. दुपारी मनगट फुगतं आणि सकाळी नीट बसलेली चेन रुतते. लॉकच्या बाजूला बारीक भोकं असतात, त्यात पिन एक घर पुढेमागे सरकवून चेन थोडी सैल करता येते. कड्यांच्या फटींत साचलेला काळा मळ मऊ टूथब्रशने आठवड्याला काढा. समुद्राचं पाणी लागलं तर चेन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर आतल्या पिना गंजतात.

शिक्षिकेला मी शेवटी त्यांचाच जुना सिलिकॉनचा पट्टा ठेवायला सांगितला. मनगट बरं झाल्यावर त्यावर फक्त टायटॅनियमचं बकल चढवलं. बकल घेताना पट्ट्याच्या टोकाची रुंदी मोजावी लागते. ती घड्याळाकडच्या रुंदीपेक्षा बहुधा दोन मिलिमीटर कमी असते, म्हणजे त्यांच्या 18 मिलिमीटरच्या पट्ट्याला 16 चं बकल. ते मिळेपर्यंत जुन्या बकलाला आतून नेलपॉलिशचे दोन हात दिले तर काही दिवस निभावतं, पण घामाने ते लवकर निघतं आणि पुन्हा पुन्हा लावावं लागतं. टायटॅनियमचं बकल सापडत नसेल तर धातू नसलेला, वेल्क्रोने बंद होणारा नायलॉनचा पट्टा घ्या. तो भिजतो, म्हणून दोन घ्या आणि एक आड एक दिवस वाळू द्या.