मुलाखतींतून प्रश्नावली: या चुका टाळा

वाळवा तालुक्यातले ऊस उत्पादक ठिबक का बसवत नाहीत, असा विषय धरू. आधी पंधरा-वीस मुलाखती, त्यांतून प्रश्नावली, मग ती तीनशे जणांकडून भरून घ्यायची. आराखडा सरळ आहे. घोळ होतो तो मुलाखतींतून प्रश्नावलीकडे येताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाखती घ्यायच्या आणि प्रश्न मात्र जुन्या प्रबंधातून उचलायचे. मग ‘ठिबक महाग आहे’, ‘माहिती मिळत नाही’ ही ठरलेली विधानं येतात. मुलाखतीत एखादा शेतकरी म्हणालेला असतो, "विहीर चौघांची, माझी पाळी आठवड्यातनं एकदा. ठिबकाला सारखं थोडं थोडं पाणी लागतंय, ते आणू कुठनं?" ही खरी अडचण प्रश्नावलीत येतच नाही. म्हणून साधा तक्ता करा: मुलाखतीतलं वाक्य, त्याच्या आशयाला दिलेलं छोटं नाव म्हणजे कोड, त्यावरून बनवलेलं विधान. ज्या विधानापुढे वाक्याचा रकाना रिकामा राहतो, ते कशासाठी ठेवलंय याचं उत्तर तयार हवं.

उलट चूकही होते, शेतकऱ्याचं बोलणं जसंच्या तसं विधान करण्याची. ‘विहिरीचं पाणी पाळीनं मिळतं, त्यामुळे ठिबक चालवता येत नाही’ यात दोन गोष्टी आहेत. स्वतःची बोअर असलेला ‘असहमत’ म्हणेल, आणि सामायिक विहीर असूनही ठिबक नीट चालवणाराही ‘असहमत’च म्हणेल. आकडा एक, अर्थ दोन. त्यापेक्षा आधी पाण्याचा स्रोत स्वतःचा की सामायिक हे वेगळं विचारा. मग ‘ठिबकाला लागेल तेव्हा पाणी घेणं माझ्या हातात आहे’ हे विधान पाच पर्यायांसह ठेवा.

छापण्याआधी पाच-सहा शेतकऱ्यांना विधान वाचून दाखवा आणि ‘यावरून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारा. ‘पुरेसं पाणी’ म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांसमोर मे महिना असतो, दुसऱ्याच्या ऑक्टोबर. हे इथेच कळतं, तीनशे फॉर्म भरल्यावर नाही. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना मोठ्या नमुन्यात घेऊ नका, कारण विधानं त्यांच्याच बोलण्यातून आली आहेत.

आता विश्लेषण. त्याच तीनशे फॉर्मवर फॅक्टर, म्हणजे ज्यांची उत्तरं एकमेकांसोबत बदलतात अशा विधानांचे गट, शोधायचे आणि त्याच फॉर्मवर ते ‘सिद्ध’ झाले म्हणायचं, हे अनेक प्रबंधांत दिसतं. ज्या माहितीतून रचना काढली, ती रचना त्याच माहितीला बसणारच. शक्य असेल तर दुसऱ्या टप्प्यासाठी नवे शेतकरी घ्या. नाहीतर फॉर्म यादृच्छिकपणे दोन भागांत वाटा, पण मग विधानं कमी ठेवा. दीडशे फॉर्मवर चाळीस विधानांचं विश्लेषण डळमळीतच होतं.

मुलाखतींत नसलेला एखादा फॅक्टर अचानक दिसला, तर त्याला भारी नाव देण्याची घाई करू नका. त्यातली विधानं वाचा. सगळी ‘नाही’ किंवा ‘नको’ने संपणारी असतील, तर तो फॅक्टर बहुधा वाक्यरचनेचा आहे, शेतकऱ्यांच्या मताचा नाही.