व्हॉट्सअ‍ॅपचा मोठा बॅकअप पूर्ण कसा होईल? वारंवारता आणि मोबाइल डेटाची सेटिंग्ज

‘बॅकअप महिन्यातून एकदाच ठेवा, म्हणजे डेटा वाचतो’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. मी तो दोन वर्षं पाळला आणि त्या दोन वर्षांत माझा एकही बॅकअप धड पूर्ण झाला नाही. नंतर घरातल्यांचे, मित्रांचे, ऑफिसातल्यांचे मिळून कितीतरी फोन हाताखालून गेले. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चूक तीच निघाली. लोक आधी वारंवारता ठरवतात आणि बॅकअपचा आकार बघतच नाहीत. खरं तर क्रम उलटा हवा.

इथे मी अँड्रॉइडवरचा, गूगल खात्यात जाणारा बॅकअप धरून चाललो आहे. आयफोनचं शेवटी थोडक्यात.

आधी Settings, मग Chats, मग Chat backup उघडा. Automatic backups सध्या Off करा. आपली आवराआवर होईपर्यंत फोनने मध्येच काही चढवायला सुरुवात करू नये, एवढ्यासाठीच. मग तिथे दिसणारा आकार कागदावर लिहा. Include videos चालू असतानाचा आणि बंद असतानाचा, असे दोन्ही आकडे हवेत.

आता गूगल खात्यात किती जागा उरली आहे ते बघा. फुकट मिळणारे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांत मिळून असतात. पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप त्यात मोजला जात नसे, 2024 पासून तो मोजला जाऊ लागला. ‘आधी तर कधी भरलं नव्हतं’ असं म्हणणाऱ्यांना ही मेख माहीत नसते. आणि जागा भरली की नुसता बॅकअप अडतो असं नाही, त्याच खात्यावर मेल येणंही थांबतं.

परवाचंच उदाहरण घेऊ. फोन माझ्या मेहुण्याचा. व्हिडिओंसकट बॅकअप 19 जीबी, व्हिडिओ वगळून 8.5 जीबी. खात्यात आधीच 6 जीबी वापरलेले, म्हणजे शिल्लक 9. पहिला पर्याय बसतच नाही. दुसरा बसतो, पण महिन्याभरात तुंबणार हे उघड आहे. इथे माझं मत ठाम आहे: Include videos बंद ठेवा. जो व्हिडिओ जपावासा वाटतो तो त्याच दिवशी लॅपटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. लग्नाचा एक व्हिडिओ वाचावा म्हणून फॉरवर्ड होऊन आलेले चारशे व्हिडिओ ढगात साठवण्यात काही अर्थ नाही.

पुढची सफाई Storage and data मधल्या Manage storage मध्ये करायची. तिथे चॅट्स आकाराने उतरत्या क्रमात दिसतात, त्यामुळे पहिली पाच-सहा आवरली तरी काम होतं. मेहुण्याच्या फोनात एकाच ग्रुपने फोटो, कार्डं आणि पीडीएफ मिळून 3 जीबी अडवले होते. ते पुसल्यावर बॅकअप 5.5 जीबीवर आला.

त्याच्या खात्यात आणखी एक गळती निघाली, ती बहुतेकांकडे असते. गूगल फोटोजमध्ये ‘WhatsApp Images’ या फोल्डरचाही बॅकअप चालू होता. म्हणजे तोच फोटो एकदा फोटोजमध्ये आणि एकदा चॅट बॅकअपमध्ये, एकाच 15 जीबीतून दोनदा कापला जात होता. फोटोजच्या सेटिंग्जमध्ये त्या फोल्डरचा बॅकअप बंद केला, तिथल्या जुन्या प्रती वेबवरून पुसून कचरापेटीही रिकामी केली, तेव्हा 2 जीबी सुटले. पुसण्याआधी एक सांभाळा: फोटोजच्या अ‍ॅपमधून पुसलं तर फोनमधली प्रतही जाऊ शकते. म्हणून मी आधी एकच फोटो पुसून चॅटमध्ये तो उघडतो का ते बघतो. ड्राइव्हमधल्या Backups या यादीत जुन्या, बंद पडलेल्या नंबरचा बॅकअप पडून असेल तर तोही काढून टाका.

आता खात्यात 4 जीबी वापरलेले आणि बॅकअप 5.5 जीबी. बेरीज साडेनऊ होते, म्हणजे श्वास घ्यायला जागा आहे.

फोनमध्येही मोकळी जागा लागते, हे बहुतेक जण विसरतात. अ‍ॅप आधी संदेशांची फाइल फोनवरच तयार करतं आणि मग चढवायला घेतं. फोन काठोकाठ भरलेला असेल तर बॅकअप तयारीच्या टप्प्यावरच अडकतो आणि माणूस वायफायला शिव्या देत बसतो. चढवणं सुरू झालं असेल तर एकूण किती पैकी किती गेलं तो आकडा दिसतो. आकडा दिसत नसेल तर दोष नेटचा नाही, जागेचा असण्याची शक्यता जास्त.

पहिला पूर्ण बॅकअप हीच खरी परीक्षा, आणि मी नेमका इथेच अनेकदा आपटलो. जाहिरातीत असतो तो डाउनलोडचा वेग, आपल्याला मात्र अपलोडचा वेग लागतो आणि तो पुष्कळदा बराच कमी असतो. अपलोड 4 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 4 मेगाबिट, असेल तर सेकंदाला अर्धा एमबी जातो, कारण 8 बिटांचा एक बाइट. 1 जीबीला साधारण 34 मिनिटं, 5.5 जीबीला तीन तासांच्या वर, आणि मेहुण्याचे मूळचे 19 जीबी असते तर पावणेअकरा तास. रात्री अकराला लावून सकाळी सातला फोन उचलणाऱ्याचा 19 जीबीचा बॅकअप कसा पूर्ण होणार? आठ तासांत तो संपतच नाही. बरेच फोन रात्री पडद्यामागचं काम थांबवतात ते वेगळंच. म्हणून त्या एका रात्रीपुरती व्हॉट्सअ‍ॅपची बॅटरी सेटिंग Unrestricted करा, डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर बंद करा, फोन चार्जरला लावा आणि Back up हे बटण हाताने दाबा. आकडा हलायला लागलेला स्वतः बघा आणि मगच झोपा.

मध्येच नेट गेलं तर घाबरू नका. चढून गेलेल्या फाइल्स पुन्हा पहिल्यापासून जात नाहीत, काम राहिलं तिथून पुढे सुरू होतं. पण लोक या वेळी भलतीच एक गोष्ट करतात: बॅकअप अडकला म्हणून गूगल खातं बदलतात, किंवा एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद होणारा, बॅकअप चालू करून बघतात. दोन्हींत सगळं नव्याने चढवावं लागतं. एन्क्रिप्शन हवं असेल तर पहिल्या बॅकअपच्या आधीच चालू करा आणि पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा. तो हरवला तर बॅकअप उघडायला कुणीही मदत करू शकत नाही.

आता वारंवारता. Daily ठेवल्याने जागा जास्त लागते हा गैरसमज आहे. नवा बॅकअप जुन्याच्या जागी येतो, तीस दिवसांच्या तीस प्रती साठत नाहीत. डेटाचंही तसंच. पहिल्या बॅकअपनंतर मुख्यतः नव्याने आलेलं मीडियाच चढतं. मेहुण्याकडे दिवसाला साधारण 40 एमबीचे फोटो येतात. रोज ठेवला तर रोज 40, आठवड्याने ठेवला तर एकदम 280, महिन्याने ठेवला तर एकदम 1.2 जीबी. बेरीज सारखीच, फरक फक्त गठ्ठ्याच्या आकाराचा. लहान गठ्ठा पाच मिनिटांत उरकतो, मोठा अर्ध्यावर लटकतो. माझ्या ‘महिन्यातून एकदा’चा बोजवारा यामुळेच उडाला होता.

म्हणून ज्यांच्याकडे रात्री वायफाय असतो त्यांनी Daily ठेवावं, आणि Back up using cellular बंद. एवढंच, यात आणखी विचार करण्यासारखं काही नाही. Weekly योग्य ठरतं ते एकाच प्रकारच्या माणसाला: जो दर आठवड्याला नको ते फोटो खरोखर पुसतो. पुसलेलं मीडिया चढतच नाही, त्यामुळे तिथे डेटा खरोखर वाचतो. Monthly मी कुणालाच सांगत नाही.

वायफाय मुळीच नसेल तर? Automatic backups Off ठेवा. दिवस संपत आला की त्या दिवसाचा डेटा किती उरला आहे ते बघा, Back up using cellular चालू करा, बॅकअप हाताने सुरू करा आणि चढलेल्या आकड्यावर नजर ठेवा. उरलेल्या डेटाच्या थोडं अलीकडे पोहोचलात की ते बटण पुन्हा बंद करा, बॅकअप वायफायची वाट बघत थांबेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज साधारण 800 एमबी उरत असतील तर 5.5 जीबी असे आठवड्याभरात जातात. सोबत अँड्रॉइडच्या डेटा वापराच्या सेटिंगमध्ये मर्यादा घालून ठेवा, म्हणजे डोळा लागला तरी प्लॅन सफाचट होणार नाही. Storage and data मध्ये मोबाइल डेटावरचं व्हिडिओंचं आपोआप डाउनलोडही बंद करा. नाहीतर आलेला प्रत्येक व्हिडिओ एकदा उतरताना डेटा खातो, आणि Include videos चालू असेल तर चढतानाही.

आणि हॉटस्पॉट! प्रवासात मी माझा फोन दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून झोपलो होतो. सेटिंग ‘फक्त वायफाय’ होतं, म्हणून निर्धास्त होतो. पण हॉटस्पॉट म्हणजे फोनच्या लेखी वायफायच. पहाटे दोननंतर बॅकअप सुरू झाला आणि उठलो तेव्हा दुसऱ्या फोनचा सगळा डेटा संपलेला, वर ज्याचा तो फोन होता त्याची बोलणीही खाल्ली. हॉटस्पॉट जोडलात की त्या नेटवर्कच्या माहितीत जाऊन ते Metered, म्हणजे मोजक्या डेटाचं, करा, पण नुसतं त्यावर विसंबू नका. रात्रभर जोडून ठेवायचं असेल तर Automatic backups त्या रात्रीपुरतं Off करा.

आयफोनवर हाच हिशोब आयक्लाउडच्या फुकटच्या 5 जीबीवर करायचा, म्हणजे तिथे व्हिडिओंचा प्रश्नच मिटला. शिवाय बॅकअपच्या दुपटीहून किंचित जास्त, म्हणजे 2.05 पट जागा आयक्लाउडमध्येही मोकळी लागते आणि फोनमध्येही. 2 जीबीच्या बॅकअपला दोन्हीकडे 4.1 जीबी. मोबाइल डेटाचा लगाम व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शोधत बसू नका, तो फोनच्या सेटिंग्जमध्ये, मोबाइल डेटाखाली, आयक्लाउड ड्राइव्हच्या नावासमोर सापडेल.

सगळं लावून झाल्यावर आठवड्याने Chat backup पुन्हा उघडा आणि शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. गूगल खात्याच्या नोंदीसमोर कालची तारीख असेल तर काम फत्ते. Local ची तारीख कालची आणि गूगलची आठवड्यापूर्वीची असेल, तर बॅकअप फोनवर तयार होतोय पण चढत नाहीये. मग आधी खात्यातली जागा बघा आणि त्यानंतर बॅटरी सेटिंग.