कात्रज ते सिंहगड धावण्याआधी: वेस्ट की बेल्ट?

धावताना पाणी सोबत न्यायला पाठीवर-छातीवर घालायची वेस्ट घ्यावी की कमरेचा बेल्ट, हा प्रश्न दुकानात सोडवायला जाऊ नका. आधी घरी एक हिशोब करा: आपल्या वाटेवर पाणी मिळणाऱ्या दोन ठिकाणांमध्ये किती वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात आपल्याला किती पाणी लागतं?

त्यासाठी वजनकाटा पुरेसा आहे. ज्या हवेत धावणार तशाच हवेत तासभर धावा, आणि आधी व नंतर अंग पुसून कमी कपड्यांत वजन करा. समजा 68 किलोचे 67.3 झाले आणि मध्ये 200 मिली पाणी प्यायलात, तर तासाला साधारण 900 मिली घाम गेला. तो सगळा धावतानाच भरून काढायचा नसतो. वजन वाढेपर्यंत पाणी पिणं तर धोक्याचंच. अशा माणसाने तहान लागेल तसं पीत तासाला 600 मिली धरून चालावं.

आता हे वाटेला लावून पाहा. आतकरवाडीतून सिंहगड चढून उतरायचा असेल, तर वर ताक आहे, लिंबू सरबत आहे, देवटाक्याचं पाणी आहे. तिथे बेल्टमधली 500 मिलीची एक बाटली बहुतेकांना पुरते, पाठ मोकळी राहते आणि उन्हाळ्यात तेच सुखाचं. पण कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग चार तासांत करणार असाल, तर धारेवर पाण्याची सोय नाही. 600 गुणिले चार म्हणजे 2.4 लिटर, म्हणजे जवळजवळ अडीच किलो. कमरेवर एवढं वजन टिकत नाही. अर्ध्या-पाऊण लिटरच्या पुढे बहुतेक बेल्ट सरकायला लागतात. इथे वेस्टच हवी: पुढे 500 मिलीचे दोन सॉफ्ट फ्लास्क, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या मऊ बाटल्या, आणि पाठीत दीड लिटरचा ब्लॅडर, म्हणजे नळीने पाणी प्यायची पिशवी.

मापासाठी टेप काखेखालून, छातीच्या सर्वात रुंद भागावरून, धावायच्या टी-शर्टवर फिरवा आणि पूर्ण श्वास घेऊन आकडा वाचा. मग फ्लास्क भरूनच वेस्ट घालून पाहा. रिकामी वेस्ट सगळ्यांनाच छान बसते, त्यावरून काहीच कळत नाही. छातीवरचे दोन्ही पट्टे पूर्ण आवळूनही कडेला कापड फुगत असेल तर माप मोठं; पूर्ण सैल करूनही खोल श्वास अडत असेल तर लहान. बायकांनी पट्टे वर-खाली सरकतात का ते बघूनच घ्यावी: एक स्तनांच्या वर, दुसरा खाली यावा, आणि फ्लास्कचं बूड कुठे टोचू नये.

बेल्ट पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसवायचा. तो वर सरकतो म्हणून लोक आणखी आवळतात, मग पोट दाबलं जातं आणि चढावर मळमळतं. भरलेल्या बाटलीसकट न आवळता तो जागेवर राहत नसेल, तर तुमच्या अंगाला तो बेल्ट नाही. फोन त्याच खिशात ठेवणार असाल, तर चाचणीतही ठेवा.

उसळण्याची परीक्षा उतारावरच होते. इमारतीचे दोन-तीन मजले जिन्याने धावत उतरा: एकदा पाणी पूर्ण भरून, एकदा अर्धं असताना. फ्लास्कचं तोंड गळपट्टीच्या हाडावर आपटतंय का, हात आपोआप पट्ट्याकडे जातोय का, हे बघा. पाणी डचमळल्याचा आवाज आला तर दोष मापाचा नाही, आत अडकलेल्या हवेचा आहे. सॉफ्ट फ्लास्क दाबून हवा काढून मग झाकण लावा. ब्लॅडर भरून बंद केला की उलटा धरून नळीतून हवा ओढून घ्या. कडक बाटलीत ही सोय नाही. ती अर्धी झाली की पाणी आदळणारच, म्हणून बेल्टसाठीसुद्धा मऊ फ्लास्क बरा.

वेस्टमध्ये आणखी एक गोष्ट चुकते ती पिण्याच्या क्रमात. पुढचे दोन्ही फ्लास्क आधी संपवले, तर पाठीवर दीड किलो उरतं आणि वेस्ट मागे ओढली जाऊन गळ्याशी काचते. म्हणून एक फ्लास्क, मग ब्लॅडरचे काही घोट, असं आलटून पालटून प्या. पाणी कमी होईल तसे पट्टेही थोडे ओढत राहा.

शेवटी, ज्या कपड्यांत कात्रजहून निघणार त्याच कपड्यांत, पूर्ण भरलेल्या वेस्टसह एक दीड-दोन तासांचं लांब धावणं आधीच्या आठवड्यात करून घ्या. आंघोळीचं पाणी जिथे चरचरेल, म्हणजे काख, गळपट्टीचं हाड किंवा पाठीचा खालचा भाग, तिथे निघायच्या सकाळी व्हॅसलिन लावा.