गुणाकार कोन न मोजता काढा

संमिश्र संख्यांचा गुणाकार आकृतीत दाखवताना कोनमापक लागत नाही, चौकटीचा कागद पुरतो. समजा (3+i)(1+2i) हवा आहे. आरंभबिंदूपासून (3, 1) पर्यंत बाण काढा. तोच बाण i ने गुणला की घड्याळाच्या उलट दिशेला काटकोनात वळतो आणि (−1, 3) होतो. आता 1+2i म्हणजे मूळ बाण एकदा, वळलेला दोनदा. म्हणून पहिल्या बाणाच्या टोकापासून (−2, 6) इतके पुढे जा. ही नेहमीची बेरीजच. पोहोचलात 1+7i वर. ताळा मापांकाच्या, म्हणजे बाणाच्या लांबीच्या, वर्गांनी घ्या: 10 × 5 = 50 आणि 1 + 49 = 50. कोनांची बेरीज होते, लांबींचा मात्र गुणाकार; गल्लत इथेच होते. दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखे ठेवा, नाहीतर काटकोन तिरका दिसेल.