क्लायंटला दिवाळीचा ईमेल: फॉरवर्ड वाटणार नाही असा कसा लिहावा

दिवाळीच्या आठवड्यात कुठल्याही खरेदी विभागाचा इनबॉक्स उघडा. पणत्यांचे चित्र, कोपऱ्यात लोगो आणि खाली 'ही दीपावली आपणांस सुख, समृद्धी व आरोग्य घेऊन येवो'. पाठवणाऱ्याचे नाव झाकले, तर कोणता मेल कोणाचा हे सांगता येत नाही. त्यावर 'शब्द जरा वेगळे वापरा, एखादी कविता टाका' असा सल्ला दिला जातो, आणि तो मला अजिबात पटत नाही. शुभेच्छांचे शब्द जुनेच असावेत, तेच कानाला बरे वाटतात. मेल आपला वाटतो तो मधल्या एका वाक्यामुळे. त्या क्लायंटबरोबर या वर्षी जे प्रत्यक्ष घडले, त्याबद्दलचे वाक्य.

आधी यादी करा. सगळ्या क्लायंटना असा मेल लिहून होत नाही आणि गरजही नसते. ज्यांच्याशी वर्षभर फोनवर बोलणे होते तेवढेच घ्या, बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पुरतात. यादीतून एक नाव मात्र आवर्जून वेगळे काढा: ज्यांच्या घरी या वर्षी कोणी गेले आहे. आपल्याकडे त्या वर्षी घरात सण करत नाहीत. अशा माणसाला 'शुभ दीपावली' गेले, तर ते वर्षभर लक्षात राहते. त्यांना सणाचा उल्लेख न करता फक्त सुट्टीच्या तारखा कळवा आणि दिवाळीनंतर फोन करा.

आता ते मधले वाक्य. लिहायला बसल्यावर काहीच आठवत नाही, आणि मग हात आपोआप 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आभार'कडे जातो. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागायचा. आठवणीवर विसंबू नका, जुना पत्रव्यवहार उघडा. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका, पत्ता अर्थात त्या क्लायंटचा:

```
from:purchase@example.com after:2025/04/01
```

एप्रिल 2025 पासूनचे त्यांचे सगळे मेल समोर येतात. त्यात ऑर्डरचे मेल सोडून द्या आणि नेहमीपेक्षा लांब असलेला एखादा शोधा. काहीतरी अडले होते, कोणीतरी फोटो पाठवले, तारीख पुढे ढकलून दिली, नमुना तपासून कळवले. तिथे तुमचे वाक्य असते. मेलमध्ये नाही सापडले तर डिस्पॅचच्या माणसाला विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते.

आमचे काम पुठ्ठ्याची खोकी पुरवण्याचे, म्हणून उदाहरण त्यातलेच घेतो. पंपाचे सुटे भाग बनवणारा एक क्लायंट आहे. पावसाळ्यात त्यांच्याकडे थरावर थर रचलेली खोकी खालून दबायला लागली, कारण ओलाव्याने पुठ्ठा मऊ पडतो. त्यांच्या स्टोअरमधल्या मॅडमनी नुसती तक्रार केली नाही, तर कितव्या थराखालचे खोके दबते याचे फोटो काढून पाठवले. त्यावरून आम्ही थ्री प्लायऐवजी जास्त पदरांचा फाइव्ह प्लाय पुठ्ठा वापरला. यावर दोन प्रकारे लिहिता येते. 'आम्ही तत्परतेने दर्जा सुधारला' ही झाली स्वतःची जाहिरात. 'तुम्ही थरांचे फोटो पाठवले म्हणून दोष नेमका कळला' हे झाले त्यांच्या कामाचे मोल. वाक्याचा कर्ता क्लायंट हवा. एवढे एक पाळले तरी निम्मे काम होते.

काय लिहू नये, याबद्दल मी फार ठाम आहे. 'यंदा आपल्या ऑर्डर वाढल्या' असे लिहू नका, हिशेब मांडल्यासारखे वाटते. त्यांच्या हातून झालेली चूक, मग ती कितीही गोड शब्दांत असो, नको. तो मेल त्यांच्या साहेबांकडे फॉरवर्ड होऊ शकतो. फेसबुकवर पाहिलेले मुलीचे लग्न किंवा नवे घर यांचाही उल्लेख नको, त्यांनी स्वतः तुम्हाला सांगितले असेल तरच करा. आणि थकलेल्या बिलाचा तर शब्दही नको. दिवाळीआधी वसुली सगळ्यांनाच करायची असते, पण ती आठवडाभर आधी, वेगळ्या मेलवर, बिल क्रमांकासह करा. शुभेच्छांच्या खाली 'ता. क. मागील बाकी' आली की वरचे सगळे खोटे ठरते. भाववाढ आणि नवे कॅटलॉग यांनाही हाच नियम.

व्यवहाराची बाजू सुट्टीच्या तारखांनी सांभाळली जाते. क्लायंटला त्या खरोखर हव्या असतात. फक्त 'दिवाळीनिमित्त बंद' लिहू नका, तारीख आणि वार दोन्ही द्या. 2025 मध्ये उत्तरेत बहुतेक ठिकाणी दिवाळी सोमवारी, 20 ऑक्टोबरला झाली, तर आपल्याकडे लक्ष्मीपूजन मंगळवारी, 21 ला होते. दिल्लीच्या क्लायंटला नुसते 'लक्ष्मीपूजनाला बंद' कळवले असते, तर गाडी एक दिवस चुकली असती. तमिळनाडूचा क्लायंट असेल तर त्यांची दीपावली आपल्या नरक चतुर्दशीला असते. पाडव्याच्या आसपास गुजरातच्या व्यापाऱ्यांचे नवे वर्ष सुरू होते, त्यांना त्याच्याही शुभेच्छा द्या.

त्या मॅडमना 2025 च्या दिवाळीचा मेल असा होता. नमस्कारापुढचे आडनाव मी इथे गाळले आहे, तुम्ही गाळू नका.

विषय: दिवाळीच्या शुभेच्छा आणि 20 ते 23 ऑक्टोबरची सुट्टी

नमस्कार मॅडम,

तुम्हाला, घरच्यांना आणि स्टोअरमधल्या सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.

पावसाळ्यात तुम्ही थरांचे फोटो पाठवलेत म्हणून खोके नेमके कुठे दबते ते आम्हाला कळले. आता तो साइज आम्ही फाइव्ह प्लायमध्येच काढतो. तेवढा वेळ काढलात, त्याबद्दल आभार.

आमचे युनिट सोमवार 20 ते गुरुवार 23 ऑक्टोबर बंद राहील. सुट्टीआधीची शेवटची गाडी शनिवारी 18 ला दुपारी निघेल, त्यात माल हवा असल्यास गुरुवारपर्यंत कळवा. शुक्रवारी 24 पासून काम नेहमीप्रमाणे सुरू. मधल्या दिवसांत अडचण आली तर माझ्या मोबाईलवर फोन करा.

खाली नाव आणि नंबर, बस. यात चित्र नाही, कारण कंपन्यांच्या मेलमध्ये चित्रे बरेचदा आपोआप उघडत नाहीत आणि पणत्यांच्या जागी रिकामी चौकट दिसते. 'तुम्ही' लिहिले, कारण फोनवर आम्ही तसेच बोलतो. ज्यांना तुम्ही 'आपण' म्हणता त्यांना मेलमध्येही 'आपण', आणि ज्यांच्याशी इंग्रजीत बोलता त्यांना इंग्रजीत लिहा.

पाठवताना प्रत्येकाला वेगळा मेल, तुमच्या स्वतःच्या पत्त्यावरून, info@ वरून नव्हे. सगळ्यांना एकत्र सीसीत टाकलेत तर तुमची क्लायंट यादी त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हाती जाते. बीसीसीत नाव लिहिता येत नाही, म्हणून तेही नको. एकाचा मजकूर कॉपी करून दुसऱ्यासाठी बदलत असाल, तर पाठवण्याआधी नाव, कंपनी आणि मधले वाक्य या तीन जागा मोठ्याने वाचा. दुसऱ्याच कंपनीचे नाव असलेल्या शुभेच्छा मला आलेल्या आहेत, आणि त्या पुरवठादाराचे पुढचे कोटेशन मी जरा जास्तच बारकाईने वाचले.

वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी, सकाळी पाठवा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाठवलेल्या मेलमधली शेवटच्या गाडीची तारीख कोणाच्याच उपयोगाची नसते. उत्तरात कोणी दोन ओळी जास्त लिहिल्या, तर त्याच दिवशी उत्तर द्या आणि त्या उत्तरात ऑर्डर मागू नका.