वाफा भरायला किती गोण्या? माती-खत मागवताना या चुका टाळा

अंगणात विटांचा उंच वाफा बांधून होतो, आणि मग नर्सरीवाल्याला फोन जातो: "सहा बाय तीनचा वाफा आहे, फूटभर उंच. किती गोण्या लागतील?" तो अंदाजाने आकडा सांगतो. आठवड्याने एक तर वाफा अर्धा रिकामा असतो, नाही तर खताच्या दोन गोण्या जिन्याखाली पडून असतात. हाच वाफा घेऊन हिशेब करू.

पहिली चूक टेप लावतानाच होते. सहा बाय तीन हे बाहेरचं माप आहे. एका विटेची भिंत साधारण चार इंच जाडीची, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्हींतून आठ-आठ इंच जातात. आत उरतात ६४ आणि २८ इंच. उंचीही पूर्ण बारा इंच धरायची नाही. वर दोन इंच मोकळे ठेवले नाहीत तर पाणी घातलं की माती विटांवरून वाहून जाते. आता ६४ × २८ × १० म्हणजे १७,९२० घनइंच. त्याला ६१ ने भागलं की लिटर मिळतात: सुमारे २९५. बाहेरच्या मापाने आणि पूर्ण उंचीने हाच हिशेब ५१० लिटरवर जातो. पत्र्याच्या किंवा पातळ फळ्यांच्या वाफ्यात भिंतीमुळे एवढा फरक पडत नाही, विटांच्या वाफ्यात मात्र हमखास पडतो.

पण २९५ लिटर मागवून वाफा भरणार नाही. कोकोपीट आणि खत यांच्यातल्या पोकळ्यांत माती शिरते, त्यामुळे मिश्रण सुट्ट्या मापांच्या बेरजेपेक्षा कमी भरतं. शिवाय पहिल्या दोन-तीन पाण्यांत ते खाली बसतं. त्यासाठी वीस टक्के जास्त धरा, म्हणजे साधारण ३५० लिटर. निम्मी लाल माती, तीस टक्के गांडूळखत आणि वीस टक्के कोकोपीट घेतलं तर माती १७५, खत १०५ आणि कोकोपीट ७० लिटर लागेल.

खरा घोटाळा यापुढे होतो. वाफा लिटरमध्ये भरतो, पण आपल्याकडे गोणी बहुतेक वेळा किलोवर मिळते. एक किलो म्हणजे एक लिटर हे पाण्याचं गणित आहे. गांडूळखत त्याहून हलकं असतं, माती जड. म्हणून हे गणित लावलं की चूक दोन्हीकडे उलटी होते: खत गरजेपेक्षा जास्त येतं आणि माती कमी पडते. मग उरलेलं खत वाया जाऊ नये म्हणून तेही वाफ्यात ओतलं जातं, ठरवलेलं प्रमाण बिघडतं, आणि खतच जास्त असल्याने वाफा नंतर अधिक खचतो.

यावर उपाय दहा लिटरची बादली आणि सामान तोलायचा हुकाचा काटा. दुकानात उघडी गोणी असेल तर बादली न दाबता काठोकाठ भरा आणि तोला, बादलीचं वजन वजा करा. समजा खत साडेसहा किलो भरलं आणि कोरडी, सुटी माती बारा किलो. मग खताची ४० किलोची गोणी सुमारे ६१ लिटरची झाली, म्हणजे १०५ लिटरला दोन गोण्या पुरतात. मातीची ४० किलोची गोणी मात्र जेमतेम ३३ लिटरची, म्हणून १७५ लिटरला सहा लागतात. किलोला लिटर धरणाऱ्याने खताच्या तीन आणि मातीच्या पाच आणल्या असत्या. हे वजन प्रत्येक मालाचं वेगळं येतं. खत मुठीत दाबल्यावर पाणी सुटत असेल तर तुम्ही पाण्याचेही पैसे मोजताय.

कोकोपीटची वीट कोरडी असताना मोजू नका. पाच किलोची वीट भिजून मोकळी केली की साधारण ६० ते ७५ लिटर होते, म्हणून इथे एकच पुरे. थोडी कमी भरली तर बिघडत नाही.

(वाफा गच्चीवर असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. हे मिश्रण ओलं झाल्यावर साडेतीनशे किलोच्या आसपास जातं, विटा वेगळ्या.)

एवढं करूनही पातळी उतरली, तर कधी आणि कुठे उतरली ते बघा. पहिल्या आठवड्यात सगळीकडे सारखी उतरली तर माती बसतेय. एकाच कोपऱ्यात खड्डा पडला आणि भिंतीबाहेर लाल ओघळ दिसले, तर निचऱ्याच्या भोकातून माती वाहतेय. तिथली माती उकरून भोकावर खापराचा तुकडा ठेवा, मगच भर घाला. पावसाळ्यानंतर दोन इंच खाली गेली, तर खत कुजून आटलंय. तेव्हा माती पुन्हा मागवायची गरज नाही. ६४ × २८ × २ भागिले ६१, म्हणजे ५९ लिटर: वरच्या हिशेबाने खताची एक गोणी.